सिंक न सोडता ट्रिमिंग: रिपल, रोल, स्लिप आणि स्लाइड कोणत्या क्रमाने वापरावे

नव्या संकलकाची टाइमलाइन बिघडते ती बहुधा कापताना नव्हे, तर कापलेले नीट करताना. पहिला कच्चा जोड व्यवस्थित असतो, ओठ आणि शब्द जुळलेले असतात. मग एखादा कट दहा फ्रेम अलीकडे घेतला जातो, एक विराम काढला जातो, आणि चार मिनिटांनंतरचा बोलणारा माणूस आपल्याच आवाजाच्या मागे पडलेला दिसतो. चूक जिथे झाली तिथे ती दिसत नाही, म्हणून ती शोधण्यात संध्याकाळ जाते. या लेखात ट्रिमिंगची चारही साधने एकाच छोट्या उदाहरणावर, एका ठरावीक क्रमाने वापरून दाखवली आहेत. कळा आणि नावे प्रीमियर प्रोमधली आहेत; रिझॉल्व्हमधला फरक शेवटी थोडक्यात दिला आहे.

## साधन उचलण्यापूर्वी विचारायचा प्रश्न

चारही साधनांच्या व्याख्या पाठ करून फारसा उपयोग होत नाही, कारण माऊस हातात असताना व्याख्या आठवत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: या बदलाने टाइमलाइनची एकूण लांबी बदलणार आहे का?

लांबी बदलणार असेल तर ते काम रिपलचे आहे, आणि चारांपैकी फक्त रिपलच लांबी बदलते. रांगेतला एक जण निघून गेला की मागचे सगळे पुढे सरकतात, तसे रिपलमध्ये कटच्या उजवीकडचे सर्व काही सरकते. रोल, स्लिप आणि स्लाइड यांत एकूण लांबी तेवढीच राहते. रोलमध्ये दोन क्लिपमधली सीमा सरकते. स्लिपमध्ये क्लिप जागच्या जागी राहते, पण तिच्या आत दिसणारा मूळ चित्रणाचा भाग बदलतो. स्लाइडमध्ये क्लिप आहे तशी सरकते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या क्लिप लांब-आखूड होतात.

यावरून सिंक सुटण्याचे दोन प्रकार वेगळे करता येतात. रिपलमुळे सुटलेला सिंक त्या कटपासून शेवटपर्यंत सगळीकडे बिघडलेला असतो, कारण काही ट्रॅक सरकले आणि काही राहून गेले. स्लिप किंवा स्लाइडने सुटलेला सिंक मात्र त्या एका क्लिपपुरता, फार तर तिच्या शेजाऱ्यांपुरता असतो. बिघाड कुठवर पसरला आहे हे पाहिले की दोषी साधन कोणते, हे बहुतेक वेळा तिथेच कळते.

## उदाहरणाची मांडणी

गणेशोत्सवापूर्वी पुण्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. अशा एका पथकावरच्या माहितीपटातला तीस सेकंदांचा तुकडा घेऊ. सीक्वेन्स सेकंदाला २५ फ्रेमचा आहे, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. V1 वर तीन क्लिप आहेत: ० ते १२ सेकंद पथकाच्या वादनप्रमुखाची मुलाखत, १२ ते १८ ढोलवादनाचा जवळचा शॉट, आणि १८ ते ३० पुन्हा मुलाखत. मुलाखतीचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असून तो सिंक करून A1 वर ठेवला आहे. ढोलाच्या शॉटचा कॅमेऱ्यातला आवाज A2 वर आहे. A3 वर पुलाखालचा वातावरणाचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग आहे. V2 वर, २० ते २६ सेकंदांच्या दरम्यान, दुसऱ्या मुलाखतीवर दोन-दोन सेकंदांचे तीन मूक शॉट आहेत: ढोलाचे पान, दोर ओढणारा हात आणि वादकाचा चेहरा.

ढोलाचा शॉट मुद्दाम घेतला आहे. बोलणाऱ्या माणसाचा ओठ एक-दोन फ्रेम चुकला तर नवशिक्याला शंका येते, पण खात्री होत नाही. टिपरू पानावर पडते तो क्षण मात्र एकाच फ्रेमचा असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या BT.1359 या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. म्हणजे २५ फ्रेमच्या कामात आवाज मागे पडला तर तीन फ्रेमपर्यंत निभावते, पण पुढे गेला तर एका फ्रेमनंतरच खटकू लागते.

## टप्पा १: तयारी

पहिले काम सीक्वेन्सची प्रत काढण्याचे. मूळ जोड तसाच ठेवून प्रतीवर ट्रिमिंग केले की नंतर दोन्ही शेजारी उघडून नेमका कुठे फरक पडला ते पाहता येते. अनडू कितीही वेळा करता येत असले, तरी बिघाड तासाभराने लक्षात आल्यावर अनडू करणे म्हणजे मधले चांगले कामही पुसणे होय.

दुसरे काम जोडणी तपासण्याचे. टाइमलाइनच्या वरच्या कोपऱ्यातले Linked Selection चालू असावे. वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज आपोआप चित्राशी जोडलेला नसतो, तो हाताने जोडावा लागतो: सिंक केल्यावर चित्र आणि आवाज दोन्ही निवडून उजव्या क्लिकने Link करावे. हे राहून गेले तर पुढे चित्र ट्रिम होईल आणि आवाज जागचा हलणार नाही.

तिसरे काम खुणांचे. चित्राच्या आणि आवाजाच्या क्लिपवर, टाळी किंवा क्लॅपर वाजल्याच्या फ्रेमवर, प्रत्येकी एक मार्कर टाकावा. टाळी कापलेल्या भागात गेली असेल, तर वापरलेल्या भागातला एखादा ठसठशीत क्षण घ्यावा. ढोलाच्या शॉटमध्ये टिपरू पडण्याची फ्रेम घ्यावी. मार्कर सीक्वेन्सवर न टाकता क्लिपवरच टाकायचा, कारण क्लिपवरचा मार्कर चित्रणाबरोबर सरकतो. वरचा आणि खालचा मार्कर एका उभ्या रेषेत आहेत तोवर सिंक शाबूत आहे.

चौथे काम हँडल पाहण्याचे. कटच्या पलीकडे न वापरलेले चित्रण शिल्लक असेल तरच रोल, स्लिप आणि स्लाइड चालतात. दोन्ही टोकांना निदान २५ फ्रेम, म्हणजे एक सेकंद असावा. क्लिपच्या कोपऱ्यात छोटा पांढरा त्रिकोण दिसला तर त्या बाजूला मूळ चित्रण संपले आहे, असे समजावे.

तपासणी: प्रत्येक ट्रॅकच्या डोक्याशी सिंक लॉकची खूण चालू आहे आणि कुलपाची खूण बंद आहे, हे एकदा वरपासून खालपर्यंत पाहावे.

या दोन खुणांचा गोंधळ हे माझ्या पाहण्यातले सर्वांत मोठे कारण आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. संगीताचा ट्रॅक ‘सुरक्षित’ राहावा म्हणून नवशिका त्याला कुलूप लावतो. कुलूप लावलेला ट्रॅक कशानेही हलत नाही, म्हणजे रिपल केल्यावरही हलत नाही. बाकीचे सगळे सरकते आणि कुलूपबंद ट्रॅक मागे राहतो. सिंक लॉक नेमके उलटे काम करतो: इतरत्र रिपल झाले की या ट्रॅकवरच्या उजवीकडच्या क्लिपही तेवढ्याच सरकाव्यात, असे तो सांगतो. ट्रिमिंग करताना सिंक राखणारी खूण हीच. कुलूप हे त्या ट्रॅकला हात लागू नये यासाठी आहे, सिंकसाठी नाही.

## टप्पा २: लांबी ठरवणारे सर्व बदल आधी, रिपलने

पहिल्या मुलाखतीच्या शेवटी वादनप्रमुख वाक्य संपवून वीस फ्रेम गप्प राहतो. तो विराम काढायचा आहे. B दाबून रिपल साधन घ्यावे, पहिल्या क्लिपच्या उजव्या टोकाला कंस डावीकडे उघडणारा दिसेपर्यंत कर्सर न्यावा आणि २० फ्रेम डावीकडे ओढावे.

आता टाइमलाइन अशी दिसली पाहिजे: पहिली मुलाखत ११:०५ वर, म्हणजे अकरा सेकंद पाच फ्रेमवर संपते. ढोलाचा शॉट ११:०५ ते १७:०५, दुसरी मुलाखत १७:०५ ते २९:०५. V2 वरचे तिन्ही मूक शॉटही २० फ्रेम अलीकडे येऊन १९:०५ ते २५:०५ या जागी बसतात. A3 वरचा वातावरणाचा आवाज मात्र कटच्या आधीपासून सुरू असल्याने जागचा हलत नाही, तो ३० सेकंदांपर्यंतच राहतो आणि शेवटी २० फ्रेम जास्त उरतो. ते शेपूट नंतर साध्या निवड साधनाने कापावे.

V2 चा सिंक लॉक बंद असता तर काय झाले असते? मूक शॉट जुन्याच जागी राहिले असते आणि वादनप्रमुख ‘दोर’ म्हणाल्यावर दोराचे चित्र वीस फ्रेम, म्हणजे ८०० मिलिसेकंद उशिरा आले असते. जोडलेले चित्र आणि आवाज किती फ्रेमने सुटले ते प्रीमियर क्लिपवर लाल आकड्याने दाखवतो, पण या शॉटना स्वतःचा आवाज नसल्याने इथे तो आकडा कुठेही येत नाही. लाल आकडा नाही म्हणजे सिंक ठीक आहे, असे मानणारे इथेच फसतात.

सावधान: एखाद्या ट्रॅकवर कटच्या दोन्ही बाजूंना पसरलेली क्लिप असेल आणि तिला लागून लगेच दुसरी क्लिप असेल, तर डावीकडे सरकायला जागा नसल्याने रिपल अडते. अशा वेळी त्या ट्रॅकचा सिंक लॉक बंद करून रिपल ‘सोडवून घेणे’ हा सर्वांत घातक मार्ग आहे. त्याऐवजी आड येणाऱ्या क्लिपचे शेपूट आधी तेवढेच आखूड करावे आणि मग रिपल करावे.

मधली मोकळी जागा निवडून डिलीट करणे, रिपल डिलीट, आणि Q व W या कळांनी प्लेहेडपर्यंत ट्रिम करणे, हेही रिपलच आहे. त्यांनाही वरचे सर्व नियम लागू पडतात. घाईत Q दाबणारे अनेक जण आपण रिपल केले हे विसरतात.

तपासणी: प्रत्येक रिपलनंतर त्याच कटवर नव्हे, तर टाइमलाइनच्या शेवटच्या बोलण्यावर जाऊन दोन वाक्ये ऐकावीत. तिथे ओठ जुळत असतील तर मधलेही बहुतेक शाबूत असते.

सर्व रिपल आधी उरकण्याचे कारण उघड आहे. पुढच्या तीन साधनांनी फ्रेम-फ्रेम जुळवलेले काम नंतरच्या एका रिपलने हलू शकते. संगीतही लांबी पक्की झाल्यावरच टाकावे.

## टप्पा ३: सीमा सरकवणे, रोलने

आता वादनप्रमुखाचा शेवटचा शब्द संपण्याआधीच ढोलाचे चित्र यावे, असे ठरले. N दाबून रोल साधन घ्यावे आणि Alt धरून (मॅकवर Option) V1 वरचा ११:०५ चा कट आठ फ्रेम डावीकडे, १०:२२ वर न्यावा. Alt मुळे फक्त चित्राचा कट सरकतो, आवाजाचे कट ११:०५ लाच राहतात. ढोलाच्या चित्रावर मुलाखतीचा शेवटचा शब्द ऐकू येतो आणि मग ढोलाचा आवाज सुरू होतो.

येथे चित्र आणि आवाज यांचे कट वेगळ्या ठिकाणी गेले, तरी सिंक सुटलेला नाही. रोलमध्ये कोणतीही क्लिप आपल्या जागेवरून हलत नाही. फक्त कोणती किती दिसेल हे बदलते. म्हणून चौघांत रोल सर्वांत निर्धोक आहे, आणि शक्य असेल तिथे मी इतर साधनांआधी रोलचाच विचार करतो.

रोल बिघडवतो तो आशय. चित्र आणि आवाज दोन्ही रोल केले तर एका बाजूचा अर्धा शब्द कापला जाऊन दुसऱ्या बाजूला नको असलेला श्वास किंवा प्रश्नकर्त्याचा ‘हं’ आत येतो. म्हणून रोलनंतर कटच्या आधी दोन सेकंद जाऊन थेट ऐकावे, नुसते चित्र पाहून समाधान मानू नये.

## टप्पा ४: जागेवर ठेवून आतले बदलणे, स्लिपने

ढोलाच्या शॉटमध्ये टिपरू पानावर ११:११ ला पडते. आवाज मात्र ११:०५ पासून सुरू होतो, म्हणजे आधी सहा फ्रेम नुसता गलका आणि मग थाप. थाप ११:०६ ला हवी आहे. अगदी ११:०५ ला नको, कारण कटच्या फ्रेमवरच थाप आली तर तिचा सुरुवातीचा ठोका कापला जाण्याची शक्यता राहते; एक फ्रेम मोकळी ठेवावी.

Y दाबून स्लिप साधन घ्यावे आणि ढोलाच्या क्लिपवर पाच फ्रेम डावीकडे ओढावे. डावीकडे ओढले की मूळ चित्रणातला पुढचा भाग आत येतो, उजवीकडे ओढले की आधीचा. दिशा उलट वाटते, पण प्रोग्राम मॉनिटरवर पहिली आणि शेवटची फ्रेम दिसत असतात, त्या पाहत ओढावे. क्लिप आपल्या आवाजाशी जोडलेली असल्याने A2 वरचा आवाजही तेवढाच सरकतो. कट कुठलाच हललेला नाही, शेजारच्या मुलाखती जशाच्या तशा आहेत, आणि हात उचललेला दिसतो तो शब्दावर व थाप पडते ती शब्द संपताच.

सावधान: इथे Alt धरून फक्त चित्र स्लिप केले, तर टिपरू आवाजाच्या पाच फ्रेम, म्हणजे २०० मिलिसेकंद आधी पडेल. चित्र आणि आवाज दोन्ही क्लिपवर लगेच लाल आकडा येतो. तो दुर्लक्षून पुढे जाऊ नये.

मुलाखतीच्या क्लिपवर स्लिप शक्यतो वापरूच नये. क्लिप आवाजाशी जोडलेली असली तर ओठ जुळलेलेच राहतील, पण वाक्याचे पहिले शब्द जातील आणि शेवटी पुढच्या वाक्याचे तुकडे येतील. बोलण्याच्या क्लिपसाठी रिपल आणि रोल पुरेसे असतात. स्लिपची खरी जागा क्रिया दाखवणाऱ्या आणि मूक शॉटमध्ये आहे.

## टप्पा ५: क्लिप सरकवणे, स्लाइडने, आणि तेही जपून

V2 वरचा मधला शॉट, दोर ओढणारा हात, २१:०५ ला येतो. ‘दोर’ हा शब्द २०:२० ला उच्चारला जातो. U दाबून स्लाइड साधन घ्यावे आणि मधला शॉट दहा फ्रेम डावीकडे न्यावा. तो आता २०:२० ते २२:२० या जागी बसतो. आधीचा पानाचा शॉट ५० फ्रेमवरून ४० फ्रेमचा होतो आणि नंतरचा चेहऱ्याचा शॉट ५० वरून ६० फ्रेमचा. मधल्या शॉटची स्वतःची लांबी व आतले चित्रण तसेच राहते. तिसऱ्या शॉटच्या सुरुवातीला दहा फ्रेमचे हँडल असले, तरच हे होते.

आता हेच साधन V1 वरच्या ढोलाच्या शॉटवर, चित्र आणि आवाज दोन्ही धरून, दहा फ्रेम उजवीकडे वापरले असे समजा. ढोलाचा स्वतःचा सिंक बिघडणार नाही, कारण त्याचे चित्र आणि आवाज बरोबरच सरकतात. पण पहिल्या मुलाखतीला दहा फ्रेम परत मिळतील, म्हणजे टप्पा २ मध्ये काढलेल्या विरामाचा अर्धा भाग परत येईल. आणि दुसऱ्या मुलाखतीच्या सुरुवातीचे दहा फ्रेम, म्हणजे ०.४ सेकंद, झाकले जातील. ती ‘ताशा आधी सुरू होतो’ अशी सुरू होत असेल, तर ‘ताशा’ जवळजवळ पूर्ण गेला. शेजारची क्लिप बोलती असेल तर स्लाइडला हात लावू नये, हा नियम मी तरी मोडत नाही.

## टप्पा ६: सिंक सुटलाच असेल तर

प्रथम बिघाड कुठून कुठवर आहे ते पाहावे. टाइमलाइनच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी क्लिप-मार्कर उभ्या रेषेत आहेत का ते तपासावे.

एखाद्या कटपासून शेवटपर्यंत सगळीकडे सारखाच फरक असेल, उदाहरणार्थ सगळीकडे वीस फ्रेम, तर त्या कटवर रिपल झाले आणि एक ट्रॅक राहून गेला. इथे एकेक क्लिप दुरुस्त करत बसू नये. राहिलेल्या ट्रॅकवर त्या कटनंतरच्या सर्व क्लिप एकत्र निवडून तेवढ्याच फ्रेम सरकवाव्यात.

फरक एकाच क्लिपमध्ये असेल आणि तिच्यावर लाल आकडा असेल, तर त्या आकड्यावर उजवा क्लिक करावा. Move Into Sync निवडले तर क्लिप टाइमलाइनवर जागा बदलून सिंकमध्ये येते, आणि शेजारच्या क्लिपवर चढून बसण्याचा धोका असतो. Slip Into Sync निवडले तर क्लिप जागेवर राहून आतले चित्रण किंवा आवाज सरकतो. कट ठरलेले असतील तर दुसरा पर्याय घ्यावा.

सुरुवातीला फरक नाही, मध्यावर दोन फ्रेम, शेवटी पाच, असा तो हळूहळू वाढत असेल, तर ट्रिमिंगला दोष देऊ नये. मोबाइलवर घेतलेल्या चित्रणाचा फ्रेम दर बदलता असतो, किंवा रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळे नेमकी जुळत नाहीत. मोबाइलचे चित्रण संकलनाआधी स्थिर फ्रेम दरात रूपांतरित करून घ्यावे. ट्रिम करत राहिले तर एक ठिकाण जुळेल आणि पुढचे सुटेल.

## रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी

रिझॉल्व्हमध्ये चार वेगळी साधने नाहीत. T दाबून ट्रिम मोडमध्ये गेले की कर्सर कुठे आहे त्यावर काम ठरते: क्लिपच्या टोकाला रिपल, दोन क्लिपच्या बरोबर मध्ये रोल, क्लिपच्या वरच्या भागात स्लिप आणि खालच्या, नाव असलेल्या पट्टीवर स्लाइड. ट्रॅकची उंची फार कमी ठेवली तर स्लिप करताना स्लाइड होते. त्यामुळे ट्रॅक उंच करून घ्यावेत आणि ओढण्यापूर्वी कर्सरचा आकार पाहावा. रिपलबरोबर कोणते ट्रॅक सरकणार हे ट्रॅकच्या डोक्याशी असलेल्या Auto Select या बटणावर अवलंबून असते. टप्पा १ मधली तपासणी तिथे या बटणांवर करावी, आणि प्रत्येक ट्रॅकवर ते चालू आहे याची खात्री पटल्यावरच पहिले रिपल करावे.